जामीन राहिलेला माणूस गेल्यावर



आपल्याकडे घरातल्या कर्त्या माणसाने कुणासाठी जामीन राहणं ही फार साधी गोष्ट समजतात. मित्र येतो, चहा होतो, पतसंस्थेच्या छापील कागदावर खाली सही होते. घरी सांगितलं तर सांगितलं, नाहीतर नाही. मग दहा वर्षांनी तो माणूस जातो आणि वर्षभराने दारात नोटीस येते. गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीत अशी तीन घरं झाली. त्यातलं एक माझ्याच घरातलं, माझ्या धाकट्या जावेचं. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

नोटिशीत मयत जामीनदाराचे वारस म्हणून तीन नावं होती. जाऊ, पुतण्या आणि इचलकरंजीला दिलेली पुतणी. रक्कम ११,२०,०००. भावजींनी त्यांच्या पशुखाद्याचा धंदा करणाऱ्या मित्राला पतसंस्थेतून दहा लाखांपर्यंतच्या कॅश क्रेडिटसाठी जामीन दिला होता. दुसरा एक जामीनदार होता, तो हयात आहे. नोटीस वाचून पुतणीच्या सासरी चर्चा सुरू झाली की आता आपल्या सुनेच्या खात्यावर जप्ती येणार का. पुतण्या पुण्यात नोकरी करतो, त्याने पहिलं वाक्य हे म्हटलं, "मोठी काकू, बाबांचं कर्म मी का भोगू?" आणि जाऊ काही न बोलता कपाटातून बांगड्यांचा डबा काढून बसली. "अक्का, ह्या मोडू या. त्यांच्या नावावर ऋण नको."

दोघांचंही अर्धं बरोबर होतं. ते अर्धं अर्धं कसं, तेच सांगायचं आहे.

जामीन हा करार आहे, आणि करार करणारा गेला म्हणून शब्द मरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ३७ सांगतं की माणूस वचन पुरं करण्याआधी गेला तर ते त्याच्या वारसांवर बंधनकारक राहतं, करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर. म्हणून "ते गेले, विषय संपला" हे खरं नाही. पण हे बंधन वारसाच्या अंगावर येत नाही, मागे राहिलेल्या मालमत्तेवर येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ हेच म्हणतात. मयत माणसाची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली आणि जी त्याने रीतसर खर्ची घातलेली नाही, तेवढ्यापुरतीच वसुली. पुतण्याचा पगार, पुतणीचं खातं, तिच्या सासरचं घर, जावेच्या बांगड्या यातलं काहीच भावजींचं नव्हतं. तेव्हा त्याला हात लावता येत नाही.

हे काही कालपरवा ठरलेलं नाही. आपल्या मुंबई इलाख्यात १८६६ साली त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता, हिंदू वारसांना दिलासा देणारा. त्याआधी बापाने काही मागे ठेवलं असो वा नसो, मुलाच्या आणि नातवाच्या स्वतःच्या कमाईतून वसुली होऊ शके. विधवेने पुन्हा लग्न केलं तर दुसऱ्या नवऱ्यावरही पहिल्याच्या कर्जाची जबाबदारी येई! त्या कायद्याने ते थांबवलं. वडिलार्जित मालमत्तेबाबत मात्र "बापाचं कर्ज फेडणं हे पुत्राचं धर्मकर्तव्य" या आधारावर मुलांच्या हिश्श्यावर दावे होत राहिले. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती लागू झाली. त्या दिवसानंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर वसुली लावता येत नाही. हा वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

म्हणजे कायद्याने प्रश्न एवढाच उरतो की भावजींचं म्हणून हाती काय आलं. बी.कॉम. झालेल्या बाईला याहून आवडतं काम नाही. मी जुनी वही घेतली आणि मधोमध रेघ मारली.

डाव्या बाजूला भावजींचं. त्यांच्या एकट्याच्या नावची ठेव पावती ३,००,०००. बचत खात्यात ४२,०००. स्कूटर, विकली तर १८,०००. आणि आमच्या दोघा भावांच्या नावचा गाळा. तो आमच्या यजमानांनी आणि भावजींनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेला. आजचा भाव साधारण १२ लाख धरला तर भावजींचा हिस्सा ६,००,०००. बेरीज ९,६०,०००.

इथे मला स्वतःला घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू. गाळा जप्त झाला तर आमच्या निम्म्याचं काय? वकिलांनी सांगितलं की जप्ती फक्त भावजींच्या हिश्श्यावर होऊ शकते, आमचा हिस्सा त्यात जात नाही. पण तो निम्मा हिस्सा लिलावात कुणी घेतला तर उद्या गाळ्यात आपल्या शेजारी परका मालक. कायद्याने वाचलो तरी धंद्याने अडकलो असतो. म्हणून गाळ्यापर्यंत वेळ येऊच द्यायची नाही, हे त्या दिवशीच मनाशी ठरलं.

उजव्या बाजूला जे त्यांचं नाही ते. जाऊ शाळेत शिक्षिका होती. राहतं घर तिच्या नावावर, तिच्याच पगारातून हप्ते फेडलेलं, आणि हप्त्यांच्या नोंदी तिच्या पासबुकात आहेत. पासबुकं जपून ठेवलेली म्हणून बरं, नाहीतर "नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर" असा आरोप व्हायला वेळ लागत नाही. तिचे दागिने, माहेरचे आणि लग्नातले, हे स्त्रीधन. ते तिचं, नवऱ्याच्या कर्जाशी संबंध नाही. आणि भावजींनी एक विम्याची पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घेतली होती. १८७४ चा कायदा आहे हा. त्याच्या कलम ६ खाली पत्नी आणि मुलांसाठी घेतलेली पॉलिसी म्हणजे त्यांच्यासाठीचा विश्वस्त निधी. ती नवऱ्याच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि त्याच्या कर्जालाही लागत नाही. पण प्रस्ताव अर्ज भरतानाच तसं लिहावं लागतं. पॉलिसी घेताना एजंट हे बहुधा विचारत नाही. आपण विचारावं.

ठेव पावतीवरून घरात थोडा वाद झाला. जावेचं म्हणणं, "पावतीवर नॉमिनी मी आहे, म्हणजे ती माझी." नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते नाव. मालक वारसच राहतात. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि ते प्रकरण आपल्या परिचयाच्या जयंत साळगावकरांच्याच मालमत्तेचं, जयानंद साळगावकर नाव असलेल्या दाव्यातलं होतं. तेव्हा नॉमिनीच्या हाती आलेली ठेव ही मयताचीच मालमत्ता, आणि ती त्याच्या कर्जाला पात्र. मी ती डाव्या बाजूलाच ठेवली.

आता डाव्या बाजूतून वजा काय होतं? "रीतसर खर्ची घातलेली" हे शब्द इथे कामाला येतात. मेडिक्लेम जाऊन दवाखान्याचं १,३५,००० बिल राहिलं होतं, ते ठेवीतून भागवलं. अंत्यविधीचा खर्च २५,०००. पावत्या होत्या. त्यांचं दुसरं कुणाचं खरं कर्ज फेडलं असतं तर तेही यात आलं असतं. राहिले ८,००,०००. ही भावजींच्या वारसांची कमाल मर्यादा. नोटीस अकराच्या काय, एकवीस लाखांची असती तरी आठच्या पुढे जाता आलं नसतं.

पण समजा नोटिशीच्या आधी जावेने त्यातले तीन लाख मुलीला भेट दिले असते किंवा घराच्या फरशीला घातले असते, तर? कलम ५२ मध्ये याची सोय आहे. मालमत्ता हाती आली होती हे सिद्ध झालं आणि ती रीतसर कुठे गेली हे वारसाला दाखवता आलं नाही, तर तेवढ्या रकमेपुरती वसुली त्याच्या स्वतःच्या मालमत्तेतून होते, जणू कर्ज त्याचंच. म्हणून घरातलं माणूस गेल्यावर पहिली वही हिशेबाची असावी. दुःखात हे सुचत नाही, हे मलाही कळतं. तेव्हा कुणी तरी जावेने, नणंदेने ते हाती घ्यावं.

पुतणीने गाळ्यातला हक्क भावासाठी सोडून दिला होता, हक्कसोड पत्र नोंदवलेलं. तिच्या हाती काहीच आलेलं नाही म्हणून तिची जबाबदारी शून्य, आणि तिच्या सासरच्यांना मी हे फोनवर दोनदा समजावून सांगितलं. मात्र हक्कसोड केल्याने तो हिस्सा कर्जातून सुटत नाही. तो भावाच्या हाती गेला, तिथे तो सापडतो.

इथवर मर्यादा कळली. पण मुळात देणं किती, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नोटिशीतला आकडा सगळ्यांनी देवाचा शब्द समजून घेतला. मी पतसंस्थेकडे लेखी अर्ज करून खातेउतारा आणि जामीनपत्राची नक्कल मागितली, पोच घेतली. उतारा आला तेव्हा मी भावजींच्या मृत्यूच्या तारखेखाली लाल रेघ ओढली.

त्या दिवशी मित्राच्या खात्यात उचल होती ६,४०,०००. त्यानंतरच्या तेरा महिन्यांत मित्राने आणखी ५,७५,००० उचलले आणि २,३०,००० भरले. वर व्याज आणि दंडव्याज मिळून १,३५,०००. असे ११,२०,०००.

कॅश क्रेडिटचा जामीन हा चालू जामीन असतो. एकदा दिलेल्या रकमेसाठी नव्हे, येत्या जात्या सगळ्या उचलीसाठी. अशा जामिनाबद्दल करार कायद्याचं कलम १३१ आहे. जामीनदाराचा मृत्यू झाला की पुढच्या व्यवहारांपुरता जामीन संपतो, उलट काही ठरलेलं नसेल तर. जो माणूस गेला त्याच्या भरवशावर संस्थेने नवीन पैसे का द्यावेत? म्हणजे ते ५,७५,००० भावजींच्या खात्यावर येऊच शकत नाहीत. हप्त्याचं ठरावीक कर्ज असतं, समजा घरासाठी, तर हे कलम उपयोगी पडलं नसतं. तिथे सगळी रक्कम आधीच दिलेली असते, पुढचा व्यवहार असा राहतच नाही. तिथे फक्त मालमत्तेची मर्यादा.

"उलट काही ठरलेलं नसेल तर" हे शब्द मात्र विसरू नका. पुष्कळ छापील जामीनपत्रांत लिहिलेलं असतं की जामीनदाराच्या मृत्यूनंतरही संस्थेला लेखी कळेपर्यंत जामीन चालू राहील. आमच्या नकलेत मी भिंग लावून शोधलं. "हा जामीन माझ्या वारसांवर बंधनकारक राहील" एवढंच होतं. संस्थेचे साहेब त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा, वारस बांधील आहेत." वकिलांनी फरक दाखवला. वारस बांधील आहेत ते झालेल्या देण्याला. पुढच्या उचलीबद्दल यात अक्षर नाही. तरीही माझं सांगणं असं की मृत्यूचा दाखला जोडून, जिथे जिथे जामीन आहे तिथे पंधरा दिवसांत पत्र द्यावं. कलमात काय आहे ते नंतर वाचता येतं.

मित्राने नंतर भरलेल्या २,३०,००० चं काय? पैसे कुठल्या देण्यापोटी हे भरणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने सांगितलं नसेल तर करार कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे ते जुन्या देण्यात आधी जमा होतात. जुनं देणं म्हणजे आमचं ६,४०,०००. तेव्हा राहिले ४,१०,००० आणि त्यावरचं व्याज. जामीनपत्रात कधी कधी याच्याही उलट कलम असतं. आमच्यात नव्हतं.

"आधी मित्राला धरा, मग आमच्याकडे या" असं पुतण्या म्हणत होता, ते मात्र चालत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते आणि संस्था कुणालाही आधी धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच तसं स्पष्ट केलं आहे.

या सगळ्यात जी खरी धोक्याची वेळ होती ती फार शांतपणे आली. वसुली अधिकारी घरी आले, अगदी नम्र माणूस, पाणी घेतलं, भावजींच्या आठवणी काढल्या. मग एक कागद पुढे केला. खातं नियमित करायचं आहे, वडिलांच्या जागी मुलाची सही लागते, नुसती औपचारिकता. सुट्टीला आलेला पुतण्या पेन उघडून बसला होता. मी कागद वाचायला मागितला. वर मथळा "जामीनदार बदल". त्यावर सही झाली असती तर पुतण्या स्वतः जामीनदार झाला असता, मर्यादा आठ लाखांची राहिली नसती, त्याचा पगार आणि उद्या तो घेणार ते घर सगळं त्यात आलं असतं. वारसाला अशी सही करण्याचं कुठलंही बंधन नाही. थकबाकी मान्य असल्याचा कागदही असाच, रक्कम तपासल्याशिवाय घेऊ नये. मी साहेबांना म्हटलं, "कागद ठेवून जा, वकिलांना दाखवून कळवतो." त्यांनी कागद ठेवला नाही. तेव्हाच काय ते समजलं.

पतसंस्थेला दिवाणी दाव्यात जावं लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि कलम १५६ खाली त्यावर जप्ती होते. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायला वसुलीयोग्य रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणून बोलायचं ते दाखला निघण्याआधीच. आम्ही सुनावणीच्या पहिल्या तारखेलाच लेखी म्हणणं दिलं. त्यात वहीची दोन्ही पानं टाइप करून जोडली, पावत्यांच्या नकला लावल्या आणि मागितलं की काहीही आदेश झाला तर त्यात "मयताच्या वारसांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतंच" हे शब्द यावेत. ते शब्द नसलेला दाखला हातात घेऊन जप्तीला आलेल्या माणसाशी दारात वाद घालणं फार अवघड.

जावेच्या बांगड्यांबद्दल मी तिला एवढंच म्हटलं, "तुला त्यांच्यासाठी द्यायच्या असतील तर तुझ्या इच्छेने दे, तो तुझा भाव. पण घाबरून देऊ नकोस, आणि संस्था मागते म्हणून तर नाहीच." तिने दोन दिवस विचार केला आणि डबा परत कपाटात ठेवला. पुतण्यालाही मी सांगितलं, बाबांचं कर्म तू भोगत नाहीस. पण त्यांची ठेव घेतोस तर त्यांचा शब्दही त्या ठेवीतूनच पुरा होईल. ते त्याला पटलं.

शेवटी तारखांवर तारखा होऊन तडजोड झाली. दंडव्याज सोडून जुन्या देण्यावरचं व्याज साधारण ६०,००० धरलं, एकूण ४,७०,०००. त्यात मित्राने गोठ्याजवळची जागा विकून १,७०,००० भरले. उरलेले तीन लाख दोन जामीनदारांत निम्मे निम्मे, कारण सहजामीनदारांवर बोजा सारखा पडतो. जावेने १,५०,००० भावजींच्या उरलेल्या ठेवीतून आणि बचत खात्यातून भरले. गाळ्याला हात लागला नाही. भावजींच्या मृत्यूनंतरची उचल संस्था मित्राकडून वेगळी वसूल करते आहे, त्यात आमचा संबंध नाही. तसं पत्र तिन्ही वारसांच्या नावाने, शिक्क्यासह घेतलं.

जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याच्या वारसांनाही असतो, आणि त्यासाठी भरल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मित्र वाईट माणूस नाही, धंदा बसला त्याचा. त्याच्याकडून साध्या शब्दांत लेखी घेतलं की १,५०,००० देणं आहे, महिन्याला पाच हजार. जाऊ तारखेसह वहीत मांडते आणि त्याची सही घेते. आतापर्यंत सहा हप्ते आलेत, सातवा दिवाळीनंतर देतो म्हणालाय.